पडद्यामागचा दिवा

आमच्या घरी रात्री नऊनंतर दूरचित्रवाणीसमोर एकच प्रेक्षक बसतो, आणि तो म्हणजे माझी आई. मी उत्तरपत्रिकांच्या ढिगात असतो, आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघराची झाकपाक करीत असतात, आणि दहावीला बसलेली कन्या त्याच खोलीच्या दुसऱ्या टोकाला पहाटे उठण्याच्या बोलीवर लवकर झोपलेली असते. हिंगोलीसारख्या गावातले आमचे बिऱ्हाड ते केवढे! बैठकीची खोली हीच आईची आणि नातीची निजायची खोली. म्हणून आई आवाज अगदी बारीक करते, ट्यूबलाइट मालवते आणि गडद अंधारात आपली मालिका पाहत बसते.

गेल्या उन्हाळ्यात एक दिवस तिने ते पाहणेच सोडून दिले. साडेआठलाच माळ घेऊन ती भिंतीकडे तोंड करून बसली. कारण विचारले तर म्हणाली, "काय बघावं बाबा? अर्ध्या तासात डोळे चुरचुरायलेत, कपाळ दुखायलंय. झालं आता बघून." मी म्हणालो, "मग दिवा लावून बघ ना!" त्यावर तिने नातीच्या अंथरुणाकडे नुसते बोट दाखवले. "लेकराच्या तोंडावर उजेड येतो. तिची परीक्षा मोठी का माझी मालिका?"

वडील गेल्यापासून संध्याकाळचे ते दोन तास हीच तिची करमणूक. ती बंद पडली याचे मला फार वाईट वाटले. परंतु सत्तरीच्या माणसाचे डोळे आणि कपाळ दुखते म्हटल्यावर करमणुकीचा विचार मागाहून करायचा असतो. दुसऱ्याच दिवशी मी तिला नेत्रतज्ज्ञांकडे घेऊन गेलो, आणि ते केले हेच बरे झाले. कारण डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर पाहण्याआधीच तिला विचारले, "आजी, दुखतं तेव्हा दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं का? मळमळतं का? दिसायला धूसर होतं का?" आई नाही म्हणाली. तरीही त्यांनी डोळ्यातला दाब मोजला आणि यंत्राने बुबुळाचा कोनही तपासला.

हे सारे कशासाठी, ते त्यांनी मला मागाहून समजावून सांगितले. काचबिंदूचा एक प्रकार असा आहे की, ज्यात डोळ्यातले पाणी वाहून जाण्याची वाट मुळातच अरुंद असते. अंधारात बाहुली मोठी होते, बुबुळाची घडी त्या वाटेवर सरकते आणि दाब एकाएकी वाढतो. असा झटका संध्याकाळी मंद उजेडात येऊ शकतो, आणि वेळीच उपचार झाला नाही तर दृष्टी कायमची जाते. "म्हणून अंधारात डोळा दुखतो म्हटलं की आम्ही आधी हे बघतो," ते म्हणाले. वाचकांनीही हा क्रम लक्षात ठेवावा. आता मी ज्या दिव्याविषयी लिहिणार आहे, तो डॉक्टरांकडून 'डोळे ठीक आहेत' असे ऐकल्यानंतर लावायचा दिवा आहे.

आईचे डोळे ठीक होते. तेव्हा डॉक्टरांनी विचारले, "टीव्ही पाहताना खोलीत दिवा कुठे असतो?" मी म्हणालो, "कुठेच नसतो." ते हसले. "मग एक दिवा टीव्हीच्या मागे लावा. समोर नको, डोक्यावर नको. मागे, भिंतीकडे तोंड करून."

आमच्याकडे दिव्याखाली अंधार अशी म्हण आहे. दिव्याभोवतीचा अंधारही त्रास देतो, हे मला त्या दिवशी कळले. घरी येऊन मी तो विषय जरा नीट समजून घेतला.

डोळ्याची बाहुली समोरचे सगळे दृश्य मिळून किती उजेड आहे त्यावर लहान-मोठी होते. आमचा टीव्ही त्रेचाळीस इंची, म्हणजे पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद. आई बसते नऊ फुटांवर. तिथून तो पडदा किती मोठा दिसतो, हे पाहायचे असेल तर हात लांब करून वीत पसरावी, बरोबर तेवढा. म्हणजे डोळ्यापुढच्या एवढ्या विस्तीर्ण दृश्यात एका वितीएवढी खिडकी लखलखीत, आणि बाकी सारे काळेकुट्ट! त्यातून पडद्यावर क्षणात रात्रीचा प्रसंग येतो, क्षणात जाहिरातीचा पांढराशुभ्र झगमगाट. अंधाऱ्या प्रसंगात खोलीत उजेड म्हणून काही उरतच नाही; बाहुली उघडते, डोळा काळोखाला सरावू लागतो, तोच जाहिरात डोळ्यावर आपटते आणि बाहुलीला झटकन मिटावे लागते. तासाभरात ही उघडझाप शेकडो वेळा होते. शिवाय वयोमानाने डोळ्यातले भिंग थोडे गढूळ होते, आणि प्रखर उजेड त्यातून जाताना आत पसरतो. तरुणाला जो पडदा नुसता ठळक दिसतो, तो म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांना दिपवतो.

इथे कोणीही शंका काढील की, चित्रपटगृहात तर मिट्ट काळोखच असतो. तिथे तीन तास बसून डोळे का दुखत नाहीत? मलाही ती आली होती. उत्तर मोठे मौजेचे आहे. चित्रपटगृहाचा पडदा आपल्याला वाटतो तेवढा तेजस्वी नसतोच. प्रकाशाची तेजस्विता मोजण्याच्या मापात, म्हणजे चौरस मीटरला कँडेला या मापात, चित्रपटगृहाच्या पांढऱ्या पडद्याचे ठरलेले प्रमाण ४८ आहे. घरचा टीव्ही, दुकानातून आणला तसाच लावला, तर सहज २५० ते ३०० भरतो. म्हणजे पाचसहा पट! शिवाय चित्रपटगृहातला पडदा डोळ्यापुढचा पुष्कळ मोठा भाग व्यापतो. तिथे आपण मंद उजेडाच्या मोठ्या दारासमोर बसतो, तर घरी मात्र प्रखर उजेडाच्या झरोक्यासमोर.

मागे दिवा लावला म्हणजे काय होते? टीव्हीच्या चारी बाजूंनी भिंतीवर एक मंद, स्थिर उजेडाची प्रभावळ पडते. पडद्यावर कितीही काळोख झाला तरी ती भिंत तशीच उजळ राहते, त्यामुळे बाहुलीला पूर्ण उघडावे लागत नाही आणि जाहिरात आली तरी एवढे मिटावे लागत नाही. उजेड मागून असल्यामुळे तो पडद्याच्या काचेवर पडत नाही आणि त्याचे प्रतिबिंबही दिसत नाही. दिव्याचा बिंदू पाहणाऱ्याच्या दृष्टीला पडत नाही. दिसते ती फक्त भिंत. त्यातून आणखी एक लाभ पदरात पडतो. काळा रंग किती काळा, हे डोळा शेजारच्या उजेडाशी ताडून ठरवतो. अंधाऱ्या खोलीत टीव्हीतला काळा रंग राखाडी दिसतो. मागे उजेड असला की तोच रंग काळाभोर भासतो. टीव्हीत तसूभर बदल होत नाही, बदलतो तो आपला डोळा.

ही युक्ती काही आजची नव्हे. अमेरिकेत १९५० च्या दशकात दूरचित्रवाणी घरोघर आली, तेव्हा संचावर ठेवायचे चिनीमातीचे खास दिवे मिळत. कुणी हरणाच्या आकाराचे, कुणी बदकाच्या, आणि त्यांचा उजेड मागच्या भिंतीवर पडे. सिल्व्हानिया कंपनीने तर पडद्याभोवती उजळ चौकट असलेला 'हेलोलाइट' नावाचा संचच काढला होता. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले आणि त्यानंतर बऱ्याच वर्षांनी संच आमच्या भागात आले. माझ्या लहानपणी शेजारच्या काकांकडे लाकडी दारांचा संच होता. शनिवारच्या रात्री सिनेमा लागला की पन्नास मंडळी दाटीवाटीने बसत, आणि काका न चुकता झिरोचा बल्ब लावून ठेवत. "अंधारात टीव्ही पाहिला की डोळे जातात," असे ते सांगत. डोळे जात नाहीत, हे आज मला ठाऊक आहे. अंधारात पाहिल्याने डोळ्यांना कायमची इजा होत नाही. ते नुसते शिणतात. पण काकांचा दिवा मात्र खरा होता. फक्त तो समोरच्या भिंतीवर असल्यामुळे नायिकेच्या कपाळावर त्याचे पिवळे प्रतिबिंब रात्रभर टिळ्यासारखे दिसे.

आता प्रत्यक्ष उद्योगाची हकीगत. माझा एक माजी विद्यार्थी विजेच्या सामानाचे दुकान चालवतो. मराठीत तो कसाबसा पास झाला होता, पण विजेत तो माझा गुरू आहे. त्याने मला एलईडीची दोन मीटर लांब पट्टी दिली. पाच व्होल्टवर चालणारी, पांढऱ्या उजेडाची, आणि सोबत उजेड कमीजास्त करायची छोटी कळ. मी रंग बदलणारी पट्टी मागणार होतो. तो म्हणाला, "सर, ती लग्नाच्या मांडवाला. डोळ्यासाठी पांढरीच घ्या, आणि पाकिटावर ६५०० के लिहिलंय का ते बघा." टीव्हीतला पांढरा रंग ज्या प्रमाणाला धरून बसवलेला असतो, त्याचाही आकडा ६५०० च्या घरातच आहे; भर दुपारच्या दिवसाउजेडासारखा. मागचा उजेड त्याच जातीचा असला तर चित्राचे रंग बिघडत नाहीत. जुन्या बल्बसारखा पिवळसर उजेड २७०० चा असतो. तो मागे लावला तर डोळा त्या पिवळ्याला सरावतो, आणि मग पडद्यावरची माणसे निळसर, आजारी दिसू लागतात.

आमचा टीव्ही मेजावर, भिंतीपासून वीतभर पुढे आहे. हे अंतर असावेच. भिंतीला चिकटून ठेवला तर उजेड पसरायला जागा मिळत नाही आणि पट्टीतला एकेक ठिपका भिंतीवर मोजता येतो. पाठ कोरड्या फडक्याने पुसून मी कडेपासून चार बोटे आत पट्टी चिकटवली: डावी बाजू, वरची, उजवी. खालच्या बाजूला लावली नाही, कारण तिथला उजेड मेजावर पडून डोळ्यात परततो. भिंतीवर टांगलेल्या टीव्हीला मात्र चारी बाजूंनी लावावी. कोपऱ्यावर पट्टी दुमडायची नाही, सैल वळण द्यायचे. हवा जाण्याच्या फटी झाकायच्या नाहीत. उरलेली पट्टी कापायची तर कात्रीची खूण असेल तिथेच कापायची. आमच्याकडच्या मे महिन्यात गोंद पातळ होऊन पट्टी लोंबते, म्हणून कोपऱ्यांवर चिमटे लावले.

मोठ्या ऐटीत मी पट्टीचे टोक टीव्हीच्याच यूएसबी खाचेत घातले, आणि इथे पहिली फजिती झाली. उजेड पडला, पण दूरचे टोक फिके, आणि मधूनच पट्टी डोळे मिचकावी. माझ्या गुरूने दूरध्वनीवरूनच निदान केले. टीव्हीची ती खाच बहुधा अर्धा अँपियर वीज देते. माझ्या पट्टीच्या पाकिटावर एक अँपियर छापले होते. जुन्या मोबाइलचा पाच व्होल्ट, दोन अँपियरचा चार्जर अडगळीत होताच. तो लावला आणि पट्टी सरळ आली. एकच तोटा, टीव्ही बंद केला की दिवा आपोआप बंद होत नाही. बटण वेगळे दाबावे लागते.

दुसरी फजिती भिंतीची. आमची भिंत पिवळी. साधी पिवळी नव्हे, तर वसमतच्या बाजारातल्या हळदीसारखी. रंग आईनेच निवडलेला. आता पट्टी कितीही शुभ्र असो, भिंतीवरून परतणारा उजेड हळदीचाच! मालिकेतली सासू निळी दिसू लागली. कन्या म्हणाली, "बाबा, दिवा बदलून काय होणार? डोळ्याला दिवा दिसतच नाही, भिंत दिसते." मराठीच्या प्राध्यापकाला भौतिकशास्त्र असे घरात शिकावे लागते. भिंतीला पांढरी चादर टाचून पाहिली, तेव्हा सासूचा रंग परत आला. पुढे दिवाळीच्या रंगरंगोटीत तेवढ्या भिंतीला पांढरा, बिनचकाकीचा डिस्टेंपर दिला. तैलरंग नको, कारण चकाकीत ठिपके दिसतात. बाकीच्या तीन भिंती आईच्या पसंतीच्याच राहिल्या.

राहिला प्रश्न उजेड किती असावा हा, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. पहिल्या रात्री मी पट्टी पूर्ण तेजात लावली. आई म्हणाली, "आता भिंतच डोळ्यात घुसायली." दूरचित्रवाणीच्या क्षेत्रात जी माणसे दिवसभर पडद्यासमोर बसून चित्रे तपासतात, त्यांच्यासाठी एक प्रमाण ठरलेले आहे: पडद्यावरचा पांढरा रंग जेवढा तेजस्वी, त्याच्या सुमारे दहावा हिस्सा मागची भिंत तेजस्वी असावी. हा दहावा हिस्सा घरी मोजायचा कसा? मोबाइलच्या कॅमेऱ्याने. त्यात हाताने चालवायची जी सोय असते, तिथे संवेदनशीलतेचा आयएसओ आकडा १०० वर कायम करायचा. टीव्हीवर नुसते पांढरे चित्र लावून, कॅमेऱ्यात दुसरे काही येणार नाही इतके जवळ जायचे आणि उजेडाचा काटा शून्यावर येईपर्यंत झडपेचा वेळ बदलायचा. मग तसेच भिंतीचे माप घ्यायचे, टीव्हीच्या कडेपासून वीतभर अंतरावर.

आमच्या पांढऱ्या पडद्याने आकडा दिला सेकंदाचा आठशेवा भाग. म्हणजे तो फारच प्रखर होता. दुकानात ग्राहकाला भुलवण्यासाठी ठेवतात तसा. म्हणून दिव्याला हात लावण्याआधी टीव्हीचाच 'बॅकलाइट' कमी केला, आणि आकडा चारशेव्या भागावर आणला. तेज निम्मे झाले. मग भिंत मोजली. पट्टी पूर्ण तेजात असताना शंभरावा भाग आला. म्हणजे भिंत पडद्याच्या एक चतुर्थांश उजळ, आणि आईची तक्रार अक्षरशः खरी! कळ दाबत दाबत उजेड उतरवला, तो चाळिसाव्या भागावर थांबलो. चारशे भागिले चाळीस, म्हणजे दहा. गणित जमले. एवढ्या उजेडात आईला माळेचे मणी दिसतात, पाण्याचा तांब्या सापडतो, आणि नातीच्या तोंडावर मात्र ट्यूबलाइटचा उजेड येत नाही.

एक परीक्षा राहिली होती. स्वस्त पट्ट्यांत उजेड कमी करायची कळ खरे म्हणजे दिवा झपाट्याने लावते आणि मालवते. आपल्याला तो फक्त मंद भासतो. हा वेग कमी असला तर न दिसणाऱ्या त्या लुकलुकीनेच डोके दुखते, आणि औषधच रोग होऊन बसते. पारख सोपी आहे. त्या उजेडात पेन्सिल पंख्यासारखी भरभर हलवावी. नुसता पुसट पट्टा दिसला तर दिवा चांगला. एकेक पेन्सिल सुटी सुटी दिसली तर कळ परत करावी. माझी पहिली कळ या परीक्षेत नापास झाली आणि दुकानदाराने गुरुदक्षिणा म्हणून बदलून दिली.

हाच उद्योग मी नंतर कन्येच्या अभ्यासाच्या मॉनिटरमागेही केला, पण तिथे त्याचा गुण कमी आला. त्याचे कारण सांगितले पाहिजे. मॉनिटर दीड-दोन फुटांवर असतो, आणि तिथे डोळे शिणतात ते मुख्यतः जवळ पाहून आणि पापण्या लवायच्या विसरून. टक लावून वाचताना आपण कमी वेळा पापण्या लववतो आणि डोळा कोरडा पडतो. मागचा दिवा पापणी लववत नाही, चष्म्याचा चुकलेला नंबर सुधारत नाही, आणि रात्री दोनपर्यंत जागणाऱ्याला झोपही देत नाही. तिथे दर वीस मिनिटांनी मान वर करून खिडकीबाहेरच्या लिंबाकडे पाहणे हाच उपाय. दिवसाउजेडी किंवा खोलीत ट्यूब लागलेली असताना तर मागच्या दिव्याचा काहीच उपयोग नाही. त्याचे राज्य फक्त अंधाऱ्या खोलीत.

आईच्या बाबतीत मात्र त्याचा गुण आला. पहिल्या आठवड्यात ती काही बोलली नाही. मीही विचारले नाही. फक्त एवढे पाहिले की, माळ साडेआठऐवजी पुन्हा रात्री अकराला हातात येऊ लागली. एके रात्री उत्तरपत्रिका संपवून बाहेर आलो, तर मालिका संपलेली, टीव्ही बंद, आणि मागचा दिवा तेवढा तेवत होता. मी बटण दाबायला गेलो, तशी आई हळूच म्हणाली, "राहू दे रे थोडा वेळ. या उजेडात लेकराचं तोंड दिसतं. तिकडं ट्यूब लावली की जागी होती, अन् मालवली की दिसतच नव्हती."

मी हात मागे घेतला. चार्जर वेगळा असल्याचा तोटा मी वर लिहिला आहे. तो वाचकांनी खोडून टाकावा.